ओटीपी आपोआप भरला जावा, पण मेसेजची किल्ली आपल्याकडेच राहावी

गेल्या पावसाळ्यात आईचा गॅस सिलिंडर दारातून परत गेला. बुकिंग सोमवारी झालं होतं, डिलिव्हरीचा कोड त्याच दुपारी मेसेजवर आला होता आणि गाडी आली बुधवारी सकाळी. सिलिंडर आणणारा मुलगा दारात उभा, आई फोनवर मेसेज शोधतेय आणि मेसेज कुठेच नाही. तिने तो पुसला नव्हता. महिनाभरापूर्वी मीच तिच्या फोनवर मेसेजचे वेगवेगळे टॅब करून दिले होते आणि त्याच पानावरचं 24 तासांनी ओटीपी पुसण्याचं बटणही चालू केलं होतं. गॅसचा कोड फोनच्या लेखी ओटीपीच होता. मंगळवारी दुपारी तो गेला.

मी पुण्यात मोबाइल ॲपच्या चाचणीचं काम करते. ओटीपी आपोआप भरला जातो की नाही हे तपासणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, तरी घरच्या फोनवर ही चूक माझ्या हातून झाली. तेव्हापासून नात्यातल्या कुणाच्याही फोनवर ओटीपी आपोआप भरण्याची आणि मेसेजच्या टॅबची सोय लावून देताना मी जे क्रमाने करते, ते इथे लिहीत आहे. मोठा भाग अँड्रॉइडचा आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तोच फोन असतो. आयफोनचं मध्ये मध्ये येईल.

## कोड ॲपमध्ये पोचतो कसा

मेसेज येतो आणि आपण बोट लावायच्या आत सहा आकडे चौकटीत जाऊन बसतात. हे तीन वेगळ्या वाटांनी होऊ शकतं. तीनही वाटा वरून सारख्याच दिसतात, पण त्यांतली एकच धोक्याची आहे.

पहिली वाट सगळ्यात चांगली. मेसेजच्या शेवटी कधी कधी अर्थहीन वाटणारी अकरा अक्षरं दिसतात. साधारण असा मेसेज असतो:

```
482913 is your OTP for login. Do not share it with anyone.
FA+9qCX9VSu
```

ती शेवटची ओळ म्हणजे ॲपची खूण. ॲपचं अंतर्गत नाव आणि ते ज्या डिजिटल सहीने प्रसिद्ध झालं ती सही, या दोन्हींवरून गणित करून ही अकरा अक्षरं निघतात. फोनमधली `Google Play services` मेसेज आल्यावर ही खूण बघते, ती कोणत्या ॲपची आहे हे ओळखते आणि तेवढा एकच मेसेज त्या ॲपच्या हातात देते. ॲपला बाकीचे मेसेज दिसत नाहीत आणि तुमच्याकडे कसलीही परवानगी मागावी लागत नाही. मात्र ॲपने वाट बघायला सुरुवात केल्यापासून पाच मिनिटांच्या आत मेसेज यावा लागतो, आणि मेसेज 140 बाइटच्या आत असावा लागतो.

या 140 च्या मर्यादेचा मराठीशी थेट संबंध आहे. देवनागरीत प्रत्येक अक्षर दोन बाइट घेतं, म्हणून एका एसएमएसमध्ये 70 अक्षरं मावतात, इंग्रजीत 160. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळी जागा खातात. "तुमचा ओटीपी 482913 आहे. तो कोणालाही सांगू नका." एवढ्याच वाक्याला 46 जागा लागतात. नवी ओळ आणि खुणेची अकरा अक्षरं धरली की 58 होतात. उरलेल्या बारा जागांत कंपनीचं नावही धड बसत नाही, मग रक्कम आणि दुकानाचं नाव तर लांबच. मराठीतून ओटीपी पाठवायची इच्छा असलेली संस्थाही इथे अडते.

दुसरी वाट म्हणजे विचारून घेणं. स्क्रीनच्या खालून एक पट्टी वर येते, तिच्यात आलेला मेसेज दिसतो आणि या ॲपने हा मेसेज वाचून कोड भरावा का, असं विचारलेलं असतं. खाली `Deny` आणि `Allow`. तुम्ही `Allow` केलंत की फक्त तोच मेसेज ॲपला मिळतो. पुढच्या वेळी ते पुन्हा विचारतं. ही वाटही सुरक्षित आहे.

तिसरी वाट जुनी आहे. ॲप एकदाच `SMS` ची परवानगी मागतं आणि ती दिली की आलेला, येणारा, सगळा मेसेज वाचू शकतं. बँकेची शिल्लक, पगार, दवाखान्याची अपॉइंटमेंट, दुसऱ्या बँकेचा ओटीपी, काहीच सुटत नाही. गूगलने 2018 च्या शेवटी प्ले स्टोअरचे नियम बदलून ही परवानगी मागायला कडक अटी घातल्या, त्यामुळे नुसता ओटीपी भरण्यासाठी कोणत्याही ॲपला तिची गरज उरलेली नाही. एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. यूपीआयची ॲप नोंदणीच्या वेळी तुमच्या सिममधून एक मेसेज पाठवून नंबर तुमचाच आहे याची खात्री करतात. अँड्रॉइडमध्ये मेसेज पाठवणं आणि वाचणं या दोन्ही गोष्टी `SMS` या एकाच गटात येतात, म्हणून त्यांनी ही परवानगी मागणं समजण्यासारखं आहे. वॉलपेपरच्या, फोटो सुधारण्याच्या किंवा खेळाच्या ॲपने मागितली तर मात्र नाहीच म्हणायचं.

ब्राउझरमधून पैसे भरताना आणखी एक रीत असते. मेसेजच्या शेवटच्या ओळीत संकेतस्थळाचा पत्ता आणि कोड दिलेला असतो:

```
Your OTP is 482913.

@example.com #482913
```

अशा मेसेजचा कोड फोन फक्त त्याच पत्त्याच्या पानावर सुचवतो. आयफोन आणि क्रोम दोघांनाही ही ओळ कळते. नेहमी जिथे कोड सुचवला जायचा तिथे एखाद्या दिवशी सुचवला गेला नाही, तर हाताने टाकायच्या आधी वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचून बघा. नक्कल केलेल्या पानावर अशा मेसेजचे आकडे आपोआप येत नाहीत.

## अँड्रॉइडवर चालू करण्याचा क्रम

`Settings` उघडा, खाली `Google` वर जा. काही फोनवर तिथे आधी `All services` दाबावं लागतं. मग `Autofill`, त्यात `SMS verification codes`. तिथे `Autofill service` चालू करा. हे चालू असलं की ज्या ॲपने स्वतः काही सोय केलेली नाही तिथेही फोन कोड सुचवतो. त्याखाली ब्राउझरसाठी वेगळं बटण असतं, फोनवरून ब्राउझरमध्ये खरेदी करत असाल तर तेही चालू ठेवा. कंपनीगणिक मेनूची मांडणी थोडी बदलते. सापडलं नाही तर `Settings` च्या वरच्या शोधचौकटीत `verification` लिहिलं की हे पान येतं.

आयफोनवर `Settings`, `General`, `AutoFill & Passwords`. तिथे ऑटोफिल चालू असलं की मेसेजमधला कोड कीबोर्डच्या वर दिसतो. त्याच पानावर खाली `Delete After Use` आहे, त्याच्याकडे आपण परत येऊ.

आता एक गोष्ट, जी मी आईला प्रत्येक वेळी सांगते. कोड आपोआप भरला गेला की मेसेजकडे नजरच जात नाही. आणि बँकेच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये आकड्यांइतकंच महत्त्वाचं असतं ते म्हणजे रक्कम आणि पैसे कुणाला जाणार ते नाव. आपण समजतोय दोनशे एकोणपन्नासचा रिचार्ज, आणि मेसेजमध्ये लिहिलंय चोवीस हजार नऊशे. ही तफावत फक्त वाचूनच कळते. म्हणून कोड भरला गेल्यावर `Submit` दाबायच्या आधी वरून नोटिफिकेशन खाली ओढायचं आणि रक्कम बघायची. दोन सेकंद लागतात.

## कोड भरला जात नाही तेव्हा

मेसेज वेळेवर आला, आत कोड आहे, तरी चौकट रिकामी. यातली बरीचशी कारणं फोनवर सापडतात.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे उशीर. नेटवर्क कमजोर असतं, आपण दोनदा `Resend` दाबतो आणि मग तीन मेसेज एकदम येतात. पाच मिनिटं उलटून गेली असतील तर ॲपने वाट बघणं थांबवलेलं असतं. शिवाय बहुतेक ठिकाणी नवा कोड मागवला की जुना बाद होतो, त्यामुळे तीनांतला सगळ्यात शेवटी मागवलेला टाकावा लागतो. अशा वेळी मागे जाऊन सुरुवातीपासून केलेलं बरं.

दुसरं कारण सहज सुचत नाही. बँकेचा पाठवणारा आपण संपर्कयादीत जतन केलेला असतो. विचारून घेणारी जी दुसरी वाट सांगितली, ती संपर्कयादीतल्या व्यक्तीचे मेसेज मुद्दाम वगळते, म्हणजे नातेवाइकांचा खासगी मेसेज चुकून ॲपला दाखवला जाऊ नये. माझ्या काकांनी त्यांच्या बँकेचा पाठवणारा "बँक" या नावाने जतन केला होता. तेव्हापासून पट्टी येणं बंद. नाव काढून टाकलं आणि त्याच संध्याकाळी ती पुन्हा आली.

तिसरं, `Google Play services` जुनी राहिलेली असते. फोनमध्ये जागा भरली की अद्ययावत होणं थांबतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जागा मोकळी करा, प्ले स्टोअरमधून अद्ययावत करा, फोन एकदा बंद करून चालू करा.

चौथ्या कारणावर तुमच्या हातात काही नाही, पण ते माहीत असलं की उगाच फोन रीसेट केला जात नाही. मेसेजच्या शेवटची अकरा अक्षरं ॲपच्या सहीवरून निघतात हे वर आलं. आमच्याकडे एकदा एका ॲपची नवी आवृत्ती निघाली. ऑफिसातल्या सगळ्या चाचणीच्या फोनवर कोड झटकन भरला जात होता आणि ग्राहकांच्या फोनवर एकाच्याही नाही. शोधल्यावर कळलं की आम्ही आमच्या संगणकावरच्या सहीवरून खूण काढली होती, आणि प्ले स्टोअर ॲप पुढे पाठवताना त्याच्याकडच्या वेगळ्या सहीने पाठवत होतं. खूण वेगळी निघाली, मेसेज कुणाचा हे फोनला ओळखता येईना. ती बदलायला आम्हाला बरेच दिवस गेले, कारण भारतात व्यावसायिक मेसेजचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि शेवटची ओळ बदलली तरी तो नवा मजकूर धरला जातो. तर, एका ठरावीक ॲपमध्येच कोड भरला जात नसेल, बाकी सगळीकडे जात असेल, आणि मेसेजच्या शेवटी अशी खूण दिसत असेल, तर चूक त्या ॲपवाल्यांची आहे. हाताने टाका आणि त्यांना कळवा.

## किल्ली कोणाकोणाकडे आहे ते बघणं

हे काम मी टॅब लावण्याच्या आधी करते, कारण फोनवर कुणी नको असलेलं मेसेज वाचत असेल तर बाकीच्या सोयींना अर्थ नाही.

`Settings`, मग `Security & privacy`, `Privacy`, `Permission manager` आणि शेवटी `SMS`. इथे परवानगी असलेल्या ॲपची यादी येते. मेसेजचं मुख्य ॲप, फोनचं ॲप, यूपीआयची ॲप आणि बँकेचं ॲप एवढी नावं ठीक आहेत. बाकीच्या प्रत्येक नावावर दाबून `Don't allow` करा. एखादं काम अडलंच तर ॲप पुन्हा विचारेल, नुकसान होत नाही.

इथे अनोळखी नाव दिसलं तर थांबा. व्हॉट्सॲपवर ई-चलान, लग्नपत्रिका किंवा बँकेच्या केवायसीच्या नावाने `.apk` फाइल येते. ती बसवली की पहिली मागणी `SMS` च्या परवानगीची असते. ती मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हातात जातो आणि आपल्याला पत्ता नसतो. काही वेळा ॲपचं चित्र मुख्य पडद्यावरून नाहीसं होतं, पण परवानगीच्या या यादीत ते लपत नाही. असं काही सापडलं तर आधी विमान मोड चालू करा. मग ते ॲप काढा. `Uninstall` दाबलं जात नसेल तर `Settings` मध्ये `Device admin apps` शोधून तिथली त्याची खूण काढा, मग ते निघतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खाते आणि कार्ड थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

आणखी दोन खिडक्या बघायच्या राहतात. `Settings` मध्ये `Notification access` शोधा. इथे असलेलं ॲप मेसेजची परवानगी नसतानाही नोटिफिकेशनमधून कोड वाचू शकतं. अँड्रॉइड 15 पासून फोन अशा बहुतेक ॲपपासून ओटीपी झाकून ठेवतो, पण जुन्या फोनवर ही खिडकी उघडीच आहे. दुसरी खिडकी मेसेजच्या ॲपमध्येच आहे. गूगल मेसेजेसमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर दाबून `Device pairing` उघडा. संगणकावर मेसेज दिसावेत म्हणून कधी जोडणी केली असेल, तर तो संगणक तिथे दिसतो. सायबर कॅफेतला किंवा सोडलेल्या नोकरीतला संगणक अजून जोडलेला असतो, हे मी दोनदा पाहिलं आहे. जोडणी तिथूनच तोडता येते.

## आता टॅब

गूगल मेसेजेसने 2021 मध्ये मेसेज प्रकारानुसार वेगळे करण्याची सोय भारतात आधी आणली, सुरुवातीला इंग्रजीपुरती. ॲप उघडून कोपऱ्यातल्या चित्रावर दाबा, `Messages settings`, मग `Message organization`. तिथे दोन बटणं आहेत. `View messages by category` चालू केलं की वर सगळे, वैयक्तिक, व्यवहार, ओटीपी आणि ऑफर असे टॅब येतात. दुसरं बटण म्हणजे 24 तासांनी ओटीपी पुसण्याचं. पहिलं चालू करा. दुसऱ्याबद्दल आधी पुढचा भाग वाचा.

वर्गवारी फोनमध्येच होते, मेसेज त्यासाठी बाहेर पाठवला जात नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण टॅबच्या सोयीसाठी बरेच जण बाहेरचं एखादं मेसेजचं ॲप घेतात. टॅब दाखवायचे तर त्याला मेसेजचं मुख्य ॲप व्हावं लागतं, म्हणजे सगळ्या मेसेजची किल्ली त्याच्या हातात जाते. फोनसोबत आलेल्या ॲपमध्ये ही सोय असताना ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयफोनवर भारतात ही सोय आयओएस 14 पासून आहे. `Settings`, `Apps`, `Messages`, मग `Unknown & Spam` मध्ये `SMS Filter` निवडायचं. नव्या आवृत्त्यांत या पानाची नावं थोडी बदलली आहेत, पण `Transactions` आणि `Promotions` हे शब्द कायम आहेत.

फोन अंदाजाने वर्गवारी करतो, त्यामुळे चूक होते. ती ओळखायला पाठवणाऱ्याचं नाव वाचता आलं पाहिजे. ते असं दिसतं:

```
VM-ABCBNK-T
```

मधली अक्षरं संस्थेची नोंदलेली ओळख. हे उदाहरणापुरतं नाव आहे. सुरुवातीची दोन अक्षरं मेसेज कोणत्या दूरसंचार कंपनीमार्फत आणि कोणत्या विभागातून निघाला ते सांगतात. व्ही म्हणजे व्होडाफोन आयडिया, जे म्हणजे जिओ, ए म्हणजे एअरटेल, बी म्हणजे बीएसएनएल. विभाग पाठवणाऱ्याचा असतो, तुमचा नव्हे. म्हणूनच एकाच बँकेचे मेसेज `VM-`, `JD-`, `AX-` अशा तीन-चार वेगळ्या धाग्यांत येतात आणि एक अडवला तरी दुसऱ्या धाग्यातून येत राहतात. त्यात काही गडबड नाही.

शेवटचं अक्षर सगळ्यात उपयोगाचं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने फेब्रुवारी 2025 मध्ये नियम बदलून ते सक्तीचं केलं. `P` म्हणजे जाहिरात, `S` म्हणजे सेवेचा, `T` म्हणजे व्यवहाराचा आणि `G` म्हणजे सरकारी. हे अक्षर पाठवणाऱ्याच्या नोंदणीवरून येतं, तर टॅब फोनच्या अंदाजावरून. दोन्हींचं जमत नसेल तर अक्षरावर विश्वास ठेवा. ऑफरच्या टॅबमध्ये पडलेला मेसेज `T`, `S` किंवा `G` ने संपत असेल तर तो उघडून वाचायचा. विमा हप्त्याची आठवण आणि वीज बंद राहण्याची सूचना मला ऑफरमध्ये सापडली आहे, कारण आत रक्कम, तारीख आणि लिंक असे जाहिरातीचेच घटक होते. दर रविवारी ऑफरचा टॅब एकदा खालपर्यंत सरकवून फक्त शेवटची अक्षरं बघितली की काम होतं, मिनिटभर लागतं.

आणि बँकेच्या नावाने मेसेज आला, पण पाठवणारा साधा दहा आकडी नंबर असेल, तर तो बँकेचा नाही. टॅब त्याला व्यवहारात टाकेल, कारण आतला मजकूर तसाच लिहिलेला असतो. "खात्यात 5,000 जमा" असा मेसेज या नंबरवरून पाठवायचा आणि मग चुकून गेले, परत करा म्हणून फोन करायचा, ही फसवणूक याच गोंधळावर चालते. मधली ओळख कुणाची आहे हे बघायचं असेल तर ट्रायच्या `smsheader.trai.gov.in` वर शोधता येतं.

## पुसण्याचं बटण आणि आईचा फोन

24 तासांत पुसण्यामागचा विचार चांगला आहे. वापरलेला ओटीपी निरुपयोगी असतो आणि त्यांचा ढीग साचतो. पण प्रत्येक कोड दहा मिनिटांचा नसतो. गॅस सिलिंडरचा कोड घरपोच येईपर्यंत लागतो. कुरिअरचा, दुरुस्तीला दिलेल्या यंत्राचा, कधी दवाखान्यातल्या अहवालाचा कोड दोन-चार दिवस लागतो. फोनला हा फरक कळत नाही. आकडे आणि त्यांच्याभोवतीचे शब्द बघून तो सगळ्यांना एकाच टॅबमध्ये बसवतो.

म्हणून ज्यांच्या घरी असे कोड येतात त्यांच्या फोनवर मी पुसण्याचं बटण बंद ठेवते. तरुण मंडळींना ढीग नकोच असेल तर चालू ठेवावं, पण दिवसानंतर लागणारा कोड आला की त्याचा स्क्रीनशॉट काढायचा किंवा कागदावर लिहायचा, एवढं पाळावं लागतं. आयफोनचं `Delete After Use` इथे जास्त शहाणपणाचं आहे. ते घड्याळ बघत नाही. कोड ऑटोफिलने वापरला गेला तरच मेसेज पुसतं. तोंडी सांगायचा गॅसचा कोड ऑटोफिलने कधी भरला जातच नाही, त्यामुळे तो शिल्लक राहतो.

आईच्या फोनवर मी शेवटी असं केलं. टॅब ठेवले, कारण तिला व्यवहाराचा टॅब आवडला. पेन्शन जमा झाली की ती तिथे लगेच दिसते. पुसणं बंद केलं. परवानगीच्या यादीत सहा ॲप होती, त्यांतली दोन ठेवली. गॅस एजन्सीच्या मेसेजचा धागा दाबून धरून वर पिन केला. आणि जाहिराती मुळातच कमी व्हाव्यात म्हणून तिच्या नंबरवरून 1909 ला हा मेसेज पाठवला:

```
START 0
```

याने सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. व्यवहाराचे आणि सेवेचे मेसेज त्याने थांबत नाहीत, ओटीपी येत राहतात. नोंद झाल्यावरही जाहिरात आली तर ट्रायच्या `DND` ॲपमधून तक्रार करता येते. तिची मुदत पूर्वी तीन दिवसांची होती, 2025 च्या नियमांनी ती सात दिवसांची केली. तक्रार करायची म्हणून तरी जाहिरातीचा मेसेज लगेच पुसू नका, त्यात पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्ही लागतात.

पुढचा सिलिंडर ऑक्टोबरात आला. कोड शुक्रवारचा, गाडी सोमवारची. आईने पिन केलेला धागा उघडला, दारातूनच आकडे वाचून दाखवले आणि मला फोन करून सांगितलं, "अगं, होता तिथेच होता."